"तुमचं फेव्हरेट कोणतं?" असं विचारल्यावर कोणी का बोलत नाही

ताई, मी एका छोट्या स्किनकेअर ब्रँडचं पेज सांभाळते. तीनच प्रॉडक्ट आहेत, जेल मॉइश्चरायझर, व्हिटॅमिन सी सीरम आणि सनस्क्रीन. प्रत्येक पोस्टच्या शेवटी मी एक प्रश्न टाकते, "तुमचं फेव्हरेट कोणतं? कमेंटमध्ये सांगा", "पटत असेल तर हार्ट टाका", "रोज सनस्क्रीन लावता का? हो की नाही?" असे. तीन-चार कमेंट येतात आणि त्यातल्या दोन आमच्याच ऑफिसमधल्या असतात. मॅडम म्हणतात एंगेजमेंट वाढव, आणि मला माझंच वाचून भीक मागितल्यासारखं वाटतं. प्रश्न विचारणंच बंद करू का?
– रोज कॅप्शन लिहिणारी

बंद नको करूस गं. आधी एक काम कर. गेल्या महिन्याभराच्या पोस्ट उघडून बस आणि प्रत्येक प्रश्नापाशी थांबून स्वतःला विचार, समजा याला 50 उत्तरं आली असती तर दुसऱ्या दिवशी मी त्या उत्तरांचं काय केलं असतं? फेव्हरेट कोणतं याला कोणी लिहिलं "सनस्क्रीन", बरं मग? तू हार्ट दिला असतास, थँक यू लिहिलं असतंस, विषय संपला. त्या उत्तराने तुमच्या ब्रँडमध्ये काहीही हललं नसतं आणि लिहिणारीच्या हातातही काही पडलं नसतं. वाचणाऱ्यांना हे लगेच कळतं, कोणी समजावून सांगावं लागत नाही. समोरच्याला आपल्या उत्तराची गरज नाहीये, फक्त आकडा हवाय, हे दिसलं की माणूस बोट पुढे सरकवतो. तुला जी लाज वाटतेय ना ती तिथूनच येतेय, त्यामुळे "कमेंटमध्ये सांगा"च्या जागी "तुमचं मत कळवा" असं लिहून ती जाणार नाही.

"हार्ट टाका" वालं तर आजच सोडून दे. डिसेंबर 2017 मध्येच फेसबुकने जाहीर केलं होतं की लाइक, कमेंट, शेअर, टॅग, व्होट हे असं थेट मागणाऱ्या पोस्ट ते फीडमध्ये खाली ढकलणार. आणि त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं होतं की जी पोस्ट खरंच मदत, सल्ला किंवा शिफारस विचारतेय तिला हे लागू नाही. मला ही दुसरी बाजू जास्त कामाची वाटते. म्हणजे प्रश्न विचारायला कोणाचीच हरकत नाहीये, ना फेसबुकची ना वाचणाऱ्यांची, फक्त विचारणाऱ्याला उत्तर हवं असलं पाहिजे.

आता स्किनकेअरचं एक वेगळं दुखणं आहे जे मी स्वतः चुकून शिकले. सुरुवातीच्या दिवसांत मी एका सीरमच्या पेजवर प्रश्न टाकला होता, "तुमच्या स्किनबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त काय खुपतं?" मला वाटलं काय भारी प्रश्न आहे, मनापासून विचारलेला. कमेंट आल्या दोन. मी हिरमुसले, आणि मग इनबॉक्स उघडला तर तिथे लांबच लांब मेसेज, गालावरचे डाग, हनुवटीवरचे केस, लग्नाआधी आलेले पिंपल्स, एकीने तर फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं की प्लीज हे कुठे टाकू नका. प्रश्न लोकांना भिडला होता, पण मी तो भर चौकात विचारला होता. कमेंटमध्ये लिहिलेलं तिच्या ऑफिसमधल्यांना दिसतं, सासरच्यांना दिसतं, शाळेतल्या मैत्रिणींना दिसतं, आणि तिथे नावानिशी कोण लिहिणार की माझ्या चेहऱ्यावर खड्डे आहेत म्हणून?

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते, कॅप्शनमध्ये चेहऱ्याबद्दल विचारायचं नाही, हाताबद्दल विचारायचं. म्हणजे स्किन कशी आहे हे नको, तुम्ही करता काय ते. किती घेता, कशावर लावता, आधी काय आणि नंतर काय, बाटली कुठे ठेवता, ट्यूब संपत आली की काय करता. हे सांगायला कोणालाच लाज वाटत नाही आणि आठवायला फार वेळही लागत नाही, कारण सकाळीच केलेलं असतं. चेहऱ्याचे प्रश्न विचारायचेच असतील तर स्टोरीमध्ये प्रश्नाचा स्टिकर लाव, तिथली उत्तरं फक्त तुम्हाला दिसतात, तुम्ही स्वतः शेअर केलीत तरच बाहेर जातात. आणि शेअर करायची असतील तर विचारून कर.

तुझ्या सीरमचंच घे. "ग्लो हवाय का?" असं विचारून काय मिळणार, नको कोण म्हणणार आहे. पण तुमच्या सीरममध्ये एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड असेल तर ते हवा, उजेड आणि उष्णतेने ऑक्सिडाइझ होतं आणि हळूहळू पिवळट, मग नारिंगी-तपकिरी होत जातं, आणि लोक बाटली बाथरूममध्ये खिडकीपाशी ठेवतात. मग विचार ना, "तुमची सीरमची बाटली आत्ता या क्षणी कुठे आहे?" बघ किती छोटा प्रश्न आहे. उत्तर दोन शब्दांत येतं, प्रत्येकीचं वेगळं येतं, आणि तुला कळतं की आपण खोक्यावर लिहिलेली सूचना कोणी वाचतंय की नाही. (आधी फॉर्म्युला बनवणाऱ्यांना विचारून घे की तुमचं सीरम मुळातच पिवळसर आहे का, नाहीतर नवी बाटली उघडलेल्या बायका घाबरतील.) जेल मॉइश्चरायझरसाठी तसंच, चेहरा धुतल्यावर थोडा ओलसर असताना लावता की पुसून पूर्ण कोरडा करून? उत्तर दोन्ही बाजूंनी येतं, त्यात बरोबर-चूक असा पेपर नाहीये, आणि जेल लावूनही चेहरा ओढल्यासारखा होतो अशी तक्रार येत असेल तर तिचं एक कारण तिथे सापडू शकतं.

सनस्क्रीनवर जरा जास्त वेळ बसू या, कारण तिथे तुझा प्रश्न सगळ्यात जास्त फसलाय. "रोज सनस्क्रीन लावता का? हो की नाही?" ही परीक्षा झाली. जी लावते ती "हो" लिहून मोकळी, त्यापुढे बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरत नाही. जी लावत नाही ती एका सनस्क्रीन विकणाऱ्या पेजवर येऊन "नाही" का लिहील, तिला माहितीये पुढे लेक्चर येणार. म्हणजे ज्यांचं ऐकायला हवंय त्याच गप्प बसतात.

मी असते तर कॅप्शन लिहायच्या आधी इनबॉक्स, रिव्ह्यू आणि परत आलेल्या ऑर्डरची कारणं उघडून बसले असते, आणि सनस्क्रीनबद्दल लोक कोणत्या शब्दांत बोलतात ते जसंच्या तसं वहीत उतरवलं असतं. सनस्क्रीनच्या बाबतीत एक वाक्य जवळपास हमखास सापडतं, "लावल्यावर मळासारखं निघतं" किंवा "रबराचे तुकडे निघतात". याला आपल्या धंद्यात पिलिंग म्हणतात पण लोक म्हणत नाहीत, लोक मळच म्हणतात, आणि कॅप्शनमध्येही मळच लिहायचं.

हे का होतं ते तुला नीट माहीत असलं पाहिजे, नाहीतर आलेल्या उत्तरांचा अर्थ लागणार नाही. सनस्क्रीन त्वचेवर एक सलग पातळ थर म्हणून बसायला हवं, आणि त्यासाठी त्यात तसा थर धरणारे घटक असतात, शिवाय सिलिकोन असतात, झिंक ऑक्साइडसारखी पावडर असते. खाली जेल मॉइश्चरायझर असतं, त्यात जेलपणा आणणारे पॉलिमर असतात, कार्बोमर, झँथन गम वगैरे. खालचा थर अजून बसला नाही, किंवा जाडच लावलाय, आणि त्यावर तू सनस्क्रीन घासून लावलंस की दोन्ही थर एकमेकांत गुंडाळले जातात आणि बारीक सुरळ्या होऊन निघतात. खालचं पातळ लावायचं, काही मिनिटं जाऊ द्यायची, सनस्क्रीन थोडं थोडं घेऊन न रगडता पसरवायचं आणि थोपटायचं, एवढ्याने बऱ्याच जणींचं काम होतं. काही जोड्या मात्र एकमेकींशी पटतच नाहीत, कितीही थांबलं तरी.

एक फार महत्त्वाचं, मळ निघतो म्हणून सनस्क्रीन कमी लावा असा सल्ला कधीही देऊ नकोस. ट्यूबवरचा एसपीएफ हा दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेला असतो, त्याच्या निम्मं लावलं तर तेवढं संरक्षण मिळत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर काढलेल्या दोन लांब रेघा, असा जो अंदाज सांगतात तो याच हिशोबातून आलाय. कमी करायचं असेल तर खालचं कमी करायचं.

आता प्रश्न. पहिला जो कोणालाही सुचेल, "तुमच्या सनस्क्रीनचं पिलिंग होतं का?" परत हो-नाही, आणि अर्ध्या लोकांना शब्द माहीत नाही. दुसरा, "पिलिंग टाळायला तुम्ही काय करता?" हा ऐकायला बरा वाटतो पण तो फक्त ज्यांना उपाय सापडलाय त्यांनाच बोलावतो, म्हणजे दोन-तीन हुशार मुली येऊन लिहितील आणि बाकीच्या वाचून जातील. तिसरा, "सनस्क्रीनच्या आधी तुम्ही शेवटचं काय लावता, आणि मध्ये किती वेळ जातो?" याला जी सनस्क्रीन लावते ती प्रत्येक जण उत्तर देऊ शकते. उपाय माहीत असायची गरज नाही, मळ निघत असायचीही गरज नाही. "मॉइश्चरायझर, अर्धा मिनिट", झालं. आणि ही दोन तुकड्यांची उत्तरं तुझ्यासाठी सोनं आहेत, कारण मळ का निघतो ते नेमकं तिथेच कळतं, खाली काय आहे आणि किती वेळ दिलाय.

पूर्ण कॅप्शन मी अशी लिहिली असती:

"सनस्क्रीन लावताना चेहऱ्यावरून मळासारखे बारीक तुकडे निघतात, असं तुमच्यापैकी काही जणांनी आम्हाला लिहिलंय.

यात तुमचं काही चुकत नाही आणि बहुतेक वेळा ट्यूबही खराब नसते. खालचा थर बसायच्या आत वरचा थर घासला गेला की दोन्ही एकत्र गुंडाळले जातात. आम्ही आमचंच जेल मॉइश्चरायझर जाड लावून लगेच आमचं सनस्क्रीन लावून बघितलं, निघालेच तुकडे.

सनस्क्रीनच्या आधी तुम्ही शेवटचं काय लावता, आणि मध्ये किती वेळ जातो? सकाळच्या घाईत जे होतं तेच लिहा. माझं आजचं: मॉइश्चरायझर, आणि मध्ये जेमतेम दात घासण्याएवढा वेळ.

जी जोडी सगळ्यात जास्त वेळा येईल ती आम्ही स्वतः लावून बघू आणि शुक्रवारी सांगू, किती मिनिटं थांबल्यावर तुकडे थांबतात ते."

यात काय काय केलंय ते सांगते. पहिली ओळ प्रश्न नाहीये, ती एक चित्र आहे, कारण फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचं "more"च्या मागे जातं. तिथे जर तुझ्या ब्रँडचं नाव आणि गुड मॉर्निंग असेल तर ते उघडायचं कारणच नाही. मळ निघतो हे वाचून जिचा निघतो ती थांबते. मग दोन-तीन वाक्यांत आपण आधी काहीतरी देतो, कारण देतो, आणि आपलीच चूक कबूल करतो. हे नाटक म्हणून करू नकोस हं, खरंच लावून बघ आणि तुकडे नाही निघाले तर तसं लिही. "काही जणांनी लिहिलंय" हेही खरं असेल तरच.

प्रश्नानंतर मी स्वतःचं उत्तर टाकलंय ते मुद्दाम. लोक प्रश्नापेक्षा नमुन्याकडे बघून ठरवतात की किती लिहायचं. तू लांब परिच्छेद लिहिलास तर त्यांना वाटतं एवढं कोण टाइप करणार, तू पाच-सात शब्दांत, थोडं घाईतलं, अगदी आदर्श नसलेलं उत्तर दिलंस की बाकीच्यांना पण खरं लिहायला मोकळं वाटतं. तू लिहिलंस "मी तर पूर्ण दहा मिनिटं थांबते" की सगळ्या गप्प, कोणालाच वर्गात नापास व्हायचं नसतं. आणि शेवटची ओळ म्हणजे उत्तराचं पुढे काय होणार ते. ती ओळ आहे म्हणून कुठेही "कमेंट करा" लिहावं लागलं नाही, बघितलंस? पण शुक्रवार म्हटलं की शुक्रवारीच टाकायचं. ते एकदा चुकलं की पुढच्या प्रश्नाला माणसं येत नाहीत, आणि यात त्यांचं काहीच चुकत नाही.

खरं काम पोस्ट टाकल्यावर सुरू होतं आणि तिथे बहुतेक पेज झोपतात. कोणी लिहिलं "सीरम, मग लगेच सनस्क्रीन", त्याखाली "थँक्स फॉर शेअरिंग" लिहू नकोस, दार बंद होतं त्याने. लिही, "लगेच म्हणजे सीरम ओलं असतानाच का? आणि बोटाने घासून लावता की थोपटून?" ती परत येते, कारण आता तिच्याशी कोणीतरी बोलतंय. हे ती ऑनलाइन असतानाच झालं तर उत्तम, म्हणून पोस्ट अशा वेळी टाक की पुढचा तासभर तुझ्या हातात फोन असेल.

मग एक कमेंट हमखास येणार, "मी मॉइश्चरायझरमध्येच सनस्क्रीन मिसळून लावते, तुकडे निघत नाहीत". आणि खाली चार जणी लिहिणार, अरे वा, ट्राय करते. ही तशीच सोडलीस तर तुझ्या पेजवर तुझ्याच नावाखाली चुकीचा सल्ला पसरला, कारण मिसळल्याने सनस्क्रीन पातळ होतं आणि त्याचा थर जसा बसायला हवा तसा बसत नाही, किती संरक्षण उरलं ते कोणीच सांगू शकत नाही. पण तिला झापायचंही नाही, तिने खरं सांगितलंय आणि आपणच विचारलं होतं. मी असं काहीतरी लिहिते, "हे सांगितलंत ते बरं झालं, असं बऱ्याच जणी करत असतील. मिसळलं की तुकडे कमी होतात पण संरक्षण पण कमी होतं, ट्यूबवर लिहिलेलं मिळत नाही. मॉइश्चरायझर निम्मं करून पाच मिनिटांनी सनस्क्रीन लावून बघाल का दोन दिवस? काय होतं ते इथेच सांगा." आधी मान, मग कारण, मग करून बघण्यासारखं एक छोटं काम. ही एक रिप्लाय तुझ्या अख्ख्या पोस्टपेक्षा जास्त वाचली जाईल.

कोणी लिहिलं की जळजळतंय, लाल झालंय, पुरळ आलं, तर तिथे संभाषण वाढवायचं नाही. स्पष्ट लिहायचं की वापरणं आत्ता थांबवा, धुवून टाका, कमी झालं नाही किंवा सूज असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि आम्ही तुम्हाला मेसेज करतोय. मग इनबॉक्समध्ये बॅच नंबर घ्यायचा आणि तो बनवणाऱ्यांपर्यंत पोचवायचा. आणि प्लीज, "हे पर्जिंग आहे, चालू ठेवा" असं कधीही लिहू नकोस. पर्जिंग हे रेटिनॉइड किंवा एक्सफोलिएट करणाऱ्या अॅसिडसारख्या, त्वचेच्या पेशी लवकर बदलायला लावणाऱ्या घटकांनी होतं, आणि त्यातही पिंपल्स येतात, जळजळ आणि पुरळ नाही. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनला तो शब्द लावणं म्हणजे बाईला त्रास होत असताना गप्प बसवणं आहे. मला या गोष्टीचा फार राग येतो, म्हणून एवढं लिहिलं.

उलट बाजूची कमेंट पण सांभाळायची असते, "तुमच्या सीरमने माझे पिंपल्स कायमचे गेले!" वाचून उड्या माराव्याशा वाटतात आणि मॅडम म्हणतील पिन कर, स्क्रीनशॉटची पोस्ट बनव. थांब. कॉस्मेटिक म्हणून विकलेल्या वस्तूने आजार बरा होतो असं ब्रँडला बऱ्याच देशांत म्हणता येत नाही, आणि ग्राहकाचं वाक्य उचलून तू आपल्या पोस्टमध्ये लावलंस की तो ब्रँडचा दावा धरला जाऊ शकतो. तिच्या कमेंटला आनंदाने उत्तर दे, विचार की ती कधी आणि कशासोबत लावते, आणि तिथेच राहू दे. म्हणून प्रश्नही असे विचारू नकोस जे अशाच उत्तरांची वाट बघतात, "आमच्या सीरमने तुमचं काय बदललं?" टाइप. तो प्रश्न वाचणाऱ्याला जाहिरात लिहायला सांगतो, आणि ते त्यांना बरोब्बर कळतं.

ऑफिसमधल्या लोकांना सांग कमेंट करायची असेल तर "मी इथेच काम करते" असं लिहून करा, नाहीतर नको. ग्राहक असल्यासारखं लिहिणं फसवणूक आहे, आणि लोक प्रोफाइल उघडून बघतात गं, एकदा दिसलं की सगळ्याच कमेंट खोट्या वाटायला लागतात. त्या दोन कमेंट गेल्या तर आकडा दोनाने कमी होईल, होऊ दे.

आणि प्रत्येक पोस्टला शेपूट नको. मी आठवड्यातून एकच प्रश्नाची पोस्ट करते, बाकीच्या पूर्णविरामावर संपवते. कळत नसेल की कुठे प्रश्न ठेवायचा तर शेवटचं वाक्य खोडून कॅप्शन परत वाच. काहीच कमी झालं नसेल तर तो प्रश्न चिकटवलेला होता, काढून टाक. वरच्या सनस्क्रीनच्या कॅप्शनमधून प्रश्न काढून बघ, शुक्रवारचं वाक्य लटकतं, म्हणजे प्रश्न तिथलाच आहे.

मॅडमना काय दाखवायचं हा प्रश्न राहतो, कारण त्यांना आकडा हवाय. त्यांना नुसता कमेंटचा आकडा दाखवू नकोस. आधी त्यातून तुझे स्वतःचे रिप्लाय, ऑफिसचे, नुसते इमोजी आणि नुसते टॅग वजा कर. मग उरलेल्यांतल्या किती कमेंटमध्ये तुला आधी माहीत नसलेली एखादी गोष्ट आहे ते मोज, हाताने, वहीत. समजा आता चार येतात आणि त्यात अशा शून्य आहेत. पुढच्या महिन्यात नऊ आल्या आणि त्यातल्या सहांमध्ये माहिती आहे, तर प्रश्न जमायला लागलाय. त्यात कोणी अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाला उत्तर देताना दिसला तर ते मॅडमना वेगळं दाखव, कारण ते तू मागून मिळत नाही. आणि आकडा वाढला पण सगळं "हो", "नाही", "मस्त" असेल तर प्रश्न परत बंद झालाय, तिसऱ्या प्रकारातून पहिल्यात घसरलाय.

मॅडमना अजून एक सांगता येईल. या उत्तरांतून ट्यूबवरचा मजकूर सुधारता येतो. समजा निम्म्या लोकांनी "लगेच" लिहिलं तर खोक्यावर "मॉइश्चरायझरनंतर काही मिनिटांनी लावा" अशी ओळ घालायला हवी, आणि मळ निघतो म्हणून परत येणाऱ्या ऑर्डर त्यानंतर कमी होतात का ते बघता येईल. हे ऐकल्यावर बहुतेक मालकांचा सूर बदलतो.

तू पहिल्यांदा हे करशील तेव्हा कदाचित दोनच उत्तरं येतील, कारण तुमच्या पेजवर लोकांना आतापर्यंत उत्तर द्यायची सवयच नाही लागलेली. तरी शुक्रवार चुकवू नकोस. त्या दोघींच्या जोड्या घे, हाताच्या मागच्या बाजूवर नको, चेहऱ्यावरच लावून बघ, लगेच, मग दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांनी, तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांनी. आणि शुक्रवारच्या पोस्टची पहिली ओळ अशी लिही, "मंगळवारी दोघींनी सांगितलं तसं आम्ही तीन दिवस करून बघितलं." त्या दोघींना आधी मेसेज करून विचार की त्यांचं नाव टाकलं तर चालेल का.